जवाचे पाणी आणि पाषाणभेद : कोणता दावा टिकतो?

मुतखड्याचे निदान झाले, की शेजारीपाजारी व नातेवाईक यांच्याकडून दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे जवाचे पाणी प्यावे आणि दुसरा म्हणजे पाषाणभेदाची पाने चावून खावीत अथवा त्याचा काढा घ्यावा. दोन्ही सल्ले जुने आहेत. चरकसंहितेतील मूत्रविरेचनीय, म्हणजे लघवी वाढविणाऱ्या द्रव्यांच्या गणात पाषाणभेदाचे नाव आहे आणि जवाचा उल्लेखही आयुर्वेदात आदराने येतो. मात्र 'लघवी वाढविणे', 'खडा बाहेर पडण्यास मदत करणे', 'खडा विरघळविणे' आणि 'पुन्हा खडा होऊ न देणे' हे चार वेगवेगळे दावे आहेत. व्यवहारात ते एकाच खात्यात जमा केले जातात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

दोन भावांचे उदाहरण

समजा, एका घरात दोन भाऊ आहेत. थोरल्याच्या मूत्रवाहिनीत, मूत्राशयाच्या अगदी जवळ, ४ मिलिमीटरचा खडा आढळला. त्याने दहा दिवस जवाचे पाणी व पाषाणभेदाचा काढा घेतला आणि खडा पडला. वर्षभराने धाकट्याला कळ आली. त्याचा खडा ९ मिलिमीटरचा असून मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात अडकला होता. थोरल्याने स्वानुभवाने तोच उपाय सुचविला. पाचव्या दिवशी धाकट्याची कळ थांबली. खडा विरघळला असे समजून त्याने पुढील तपासणी केली नाही. चार महिन्यांनी दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी झाली, तेव्हा खडा जागच्या जागी होता आणि लघवी तुंबून मूत्रपिंड फुगले होते.

पहिल्या भावाच्या बाबतीत उपायाचे श्रेय नेमके किती? ५ मिलिमीटरपर्यंतचे मूत्रवाहिनीतील खडे सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत कोणत्याही विशेष उपचाराशिवाय आपोआप पडतात, आणि मूत्राशयाजवळच्या खड्यांची शक्यता त्याहूनही चांगली असते. ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे थोरल्याचा खडा साधे पाणी पिऊनही बहुधा पडलाच असता. असे अनुभव घराघरांत साठत जातात. न पडलेल्या खड्यांच्या हकिगती मात्र कोणी सांगत नाही.

दुसऱ्या भावाची चूक अधिक गंभीर आहे. खड्यामुळे वाट अडली की मागे लघवी तुंबते, दाब वाढतो व मूत्रपिंड ताणले जाते. कळ येते ती या ताणामुळे. काही दिवसांनी ते मूत्रपिंड लघवी तयार करण्याचे काम कमी करते, दाब उतरतो आणि वेदना शमते. अडथळा मात्र तसाच राहतो. म्हणून वेदना थांबणे हा खडा गेल्याचा पुरावा नव्हे. खडा डोळ्यांनी पाहिला असेल किंवा तपासणीत तो दिसत नसेल, तरच तो गेला असे म्हणता येते.

जवाचे पाणी : श्रेय पाण्याचे

जवाच्या पाण्यामुळे खडा विरघळतो, याला माणसांवरील भरवशाच्या चाचण्यांचा आधार नाही. जवाच्या अर्काचे प्रयोग झाले ते मुख्यतः उंदरांवर. मात्र पाण्याविषयीचा पुरावा भक्कम आहे. इटलीतील डॉक्टरांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्यांदाच कॅल्शियमचा खडा झालेल्या १९९ रुग्णांची पाच वर्षे नोंद ठेवली. एका गटाला दिवसाकाठी किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास सांगितले. दुसऱ्या गटाला तसे काही सांगितले नाही. पाच वर्षांत दुसऱ्या गटातील शंभरांपैकी सुमारे २७ जणांना पुन्हा खडा झाला. पाणी पिणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १२ होते. लघवी पातळ राहिली की क्षार एकत्र येऊन स्फटिक होण्याची संधी कमी होते, इतकेच याचे साधे कारण.

तेव्हा जवाचे पाणी ज्यांना रुचते, त्यांच्यासाठी तो पाणी अधिक पिण्याचा एक चांगला मार्ग आहे. दोन मोठे चमचे जव धुऊन चार-पाच तास भिजवावेत, एक लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळावेत व गाळून घ्यावे. साखर घालू नये. मीठही नको, कारण मिठामुळे लघवीतून जाणारे कॅल्शियम वाढते. निवल्यावर लिंबू पिळण्यास हरकत नाही. लिंबातील सायट्रेट स्फटिक जमण्यास काहीसा अटकाव करते. हे पाणी लवकर आंबते, म्हणून रोज ताजे करावे. आपल्याकडे सातूचे पीठ या नावाने जे मिळते, त्यात बहुधा गहू व डाळे असते. ते येथे उपयोगाचे नाही. तसेच ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांनी जव टाळावेत.

नेहमी होणारी चूक मापाची आहे. सकाळी एक पेला जवाचे पाणी घेतले, की औषध घेतल्याचे समाधान होते आणि दिवसभर पाणी मागे पडते. दोनशे मिलिलिटरच्या एका पेल्याने काही साधत नाही. लक्ष्य आहे दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवीचे, आणि त्यासाठी आपल्या हवेत साधारण तीन लिटर द्रव लागतो. उन्हाळ्यात त्याहून अधिक. एक दिवस लघवी मापाच्या भांड्यात मोजून पाहावी, म्हणजे आपण कोठे आहोत हे कळते.

सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा. रात्रीचे दहा-बारा तास पाणी पोटात जात नाही, लघवी घट्ट होते, आणि नेमका तोच काळ स्फटिक जमण्यास अनुकूल असतो. ज्यांना एकदा खडा झाला आहे, त्यांनी दिवसाचे पाणी एकदम न पिता तासातासाला एक पेला असे वाटून घ्यावे व संध्याकाळच्या शेवटच्या तासात दोन पेले घ्यावेत. वारंवार खडे होत असल्यास किंवा उपवास निर्जळ असल्यास आधी डॉक्टरांशी बोलून घेणे हिताचे.

पाषाणभेद : एक नाव, तीन वनस्पती

पाषाणभेदाविषयी पहिला प्रश्न असा, की हातात आहे ती वनस्पती कोणती? काष्ठौषधींच्या दुकानात या नावाने बहुधा हिमालयात उगवणाऱ्या बर्जेनिया या वनस्पतीच्या वाळलेल्या, तपकिरी मुळासारख्या खोडाचे तुकडे मिळतात. घराच्या कुंडीत ज्याला पाषाणभेद म्हणतात, ती बहुतेक वेळा पानफुटी असते. तिच्या जाड पानाच्या कडेला नवी रोपे फुटतात, त्यावरून ती ओळखता येते. आणि ब्राझीलमध्ये ज्या वनस्पतीला 'खडा फोडणारी' अशा अर्थाचे पोर्तुगीज नाव आहे, ती आपल्या भुईआवळ्याच्या जातीची आहे. तिन्ही वनस्पती एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत. एकीवर झालेल्या अभ्यासाचे फळ दुसरीच्या नावावर लिहिता येत नाही.

माणसांवर त्यातल्या त्यात नीट चाचण्या झाल्या आहेत त्या भुईआवळ्याच्या या जातीच्या. ब्राझीलमधील एका चाचणीत रुग्णांना तीन महिने अर्क दिला. ज्यांच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जात होते, त्यांच्यात ते कमी झाले. एरवी फारसा फरक दिसला नाही. इटलीतील चाचणीत दीडशे रुग्णांचे खडे आधी यंत्राच्या आघातलहरींनी फोडण्यात आले आणि नंतर काहींना हा अर्क देण्यात आला. सहा महिन्यांनी सर्व रुग्ण मिळून पाहता दोन गटांतला फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. मात्र मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातील खड्यांत अर्क घेणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के खडामुक्त झाले, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के. म्हणजे आधी यंत्राने फुटलेले कण बाहेर पडण्यास त्याची मदत होत असावी. अखंड खडा त्याने फुटला, असे येथे दिसले नाही.

पानफुटीच्या बाबतीत सावधगिरीचे एक कारण आहे. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात व ती चरल्याने गुरांना विषबाधा झाल्याची नोंद आहे. हृदयाची औषधे घेणाऱ्यांनी तिची पाने रोज खाऊ नयेत. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर कोणताही काढा डॉक्टरांना सांगूनच घ्यावा. गरोदर स्त्रियांनी काढे टाळावेत.

विरघळणारा खडा कोणता?

बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. एकदा तयार झालेला असा खडा पोटात घेतलेल्या कोणत्याही औषधाने विरघळत नाही, मग ते आयुर्वेदिक असो वा ॲलोपॅथिक. युरिक ॲसिडचा खडा मात्र खरोखर विरघळू शकतो. त्यासाठी लघवीची आम्लता कमी करणारे पोटॅशियम सायट्रेटसारखे औषध, लघवीची तपासणी करीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे लागते. म्हणून पडलेला खडा टाकून देऊ नये. कळ येऊन गेल्यावर काही दिवस लघवी बारीक कापडातून गाळावी, सापडलेला खडा वाळवून प्रयोगशाळेत द्यावा. तो कशाचा आहे हे कळले, की पुढील खडा टाळण्याचा मार्ग ठरतो.

कळ चालू असताना बळेच लिटर-लिटर पाणी पाजण्याचीही पद्धत आहे. त्याने खडा लवकर पडतो असे सिद्ध झालेले नाही. उलट उलट्या होतात. तेव्हा वेदनाशामक औषध व तहानेपुरते पाणी पुरे. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच दुबळे असलेल्यांनी तर पाण्याचे माप डॉक्टरांकडूनच घ्यावे.

थोडक्यात सांगायचे, तर जवाचे पाणी पुढचा खडा टाळण्यास उपयोगी पडते, पण ते पाणी म्हणून आणि पुरेशा मापाने. भुईआवळ्याचा दावा मर्यादित अर्थाने टिकतो. पानफुटीने खडा फुटतो या दाव्याला आधार नाही. घरगुती उपाय करून पाहायचाच असेल, तर तो लहान खड्यासाठी, डॉक्टरांच्या माहितीने आणि फार तर चार आठवडे. त्यानंतर कळ असो वा नसो, पुन्हा तपासणी झालीच पाहिजे. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात, किंवा ज्याला एकच मूत्रपिंड आहे त्याला कळ आली, तर काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला, तर काही तासांतही जीव धोक्यात येऊ शकतो.