खाते गेले तर दुकानात धावू नका: सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना व सभासदांना जाहीर आवाहन



आपल्या विभागातील गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी सध्या एकाच पद्धतीने लुबाडले जात आहेत, आणि हे आता गप्प बसून पाहवत नाही. कोणीतरी सचिवाचे जीमेल खाते ताब्यात घेतो. घाबरलेला सचिव इंटरनेटवर ‘जीमेल कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि जो पहिला नंबर दिसेल तो फिरवतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, ‘रिकव्हरी फी’ म्हणून पैसे घेतो, स्क्रीन दिसावी म्हणून एक अ‍ॅप टाकायला लावतो आणि शेवटी आलेला ओटीपीही विचारून घेतो. पहिल्या चोराने खाते नेलेले असते. हा दुसरा चोर ते परत मिळण्याची वाटही बुजवून टाकतो. त्या खात्यात सर्वसाधारण सभांच्या नोटिसा, इतिवृत्ते, कन्व्हेयन्सची कागदपत्रे, पुनर्विकासाचा सारा पत्रव्यवहार असतो. म्हणजे नुकसान एका माणसाचे होत नाही, अख्ख्या इमारतीचे होते. म्हणून पहिली गोष्ट ठणकावून सांगतो: मोफत जीमेलचे खाते फोनवरून सोडवून देणारे कोणतेही गूगल कार्यालय नाही. पासवर्ड किंवा खाते मिळवून देणाऱ्या कोणत्याही सेवेशी आपला संबंध नसल्याचे गूगलने स्वतःच सांगून ठेवले आहे. तसा दावा करणारा प्रत्येक नंबर फसवणुकीचा समजा.

मग खाते परत देतो कोण? देते एक यंत्रणा, आणि ती फक्त पुरावा तोलते. g.co/recover हा पत्ता ब्राउझरमध्ये टाइप केला की ती सुरू होते. समोर बसलेली व्यक्ती खरी मालक आहे का, हे तिला ठरवायचे असते. त्यासाठी ती पाहते की हे उपकरण या खात्यासाठी पूर्वी वापरले गेले आहे का, ब्राउझर तोच आहे का, जागा नेहमीची आहे का, सांगितलेला जुना पासवर्ड खरा आहे का. हे एकदा समजले की आपल्याकडे चाललेला मूर्खपणा लक्षात येतो. खाते गेल्यावर लोक पहिल्यांदा काय करतात? फोन फॉरमॅट करतात. मोबाइलच्या दुकानात जाऊन तिथल्या संगणकावरून प्रयत्न करतात. पुण्यातल्या भाच्याला सगळा तपशील कळवून त्याच्याकडून करून घेतात. यातली प्रत्येक कृती मालकीचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसते. भाचा संगणकात कितीही हुशार असो, त्याच्या लॅपटॉपवरून गेलेली विनंती यंत्रणेला परक्याचीच दिसते, आणि चोराची विनंतीही तिला तशीच दिसत असते.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, एका सोसायटीच्या सचिवांना गुरुवारी रात्री पासवर्ड आणि रिकव्हरी फोन बदलल्याची सूचना आली आणि शुक्रवारी सकाळी खाते उघडेना. त्यांनी घरातच थांबावे, घरचेच वाय-फाय ठेवावे आणि ज्या फोनवर किंवा लॅपटॉपवर रोज मेल पाहत तोच घ्यावा. ब्राउझरमधला इतिहास साफ करू नये. रिकव्हरीच्या पानावर आठवणारा शेवटचा पासवर्ड मागितला जाईल. चोराने तो बदललेला असला तरी गुरुवारपर्यंत चालणारा पासवर्ड अचूक टाकावा, कारण तो ठाऊक असणे हाच पुरावा आहे. त्यानंतर स्क्रीन कोड पाठवायला एखादा नंबर दाखवेल आणि त्याचे शेवटचे दोन आकडे अनोळखी असतील. इथे बहुतेक जण हात टेकतात. टेकू नका. Try another way या शब्दांवर बोट ठेवा. रिकव्हरी फोन किंवा रिकव्हरी ई-मेल बदलल्यापासून ७ दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरावर किंवा जुन्या पत्त्यावर कोड घेण्याचा पर्याय देऊ शकते. गुरुवारी रात्री बदल झाला असेल तर पुढच्या गुरुवारपर्यंतचा वेळ हातात आहे. हेच ७ दिवस आपले लोक दुकानदाराच्या ‘उद्या या’मध्ये घालवतात, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

पुढे संपर्कासाठी दुसरा ई-मेल पत्ता मागितला जाऊ शकतो. तिथे आपल्याला खरोखर उघडता येईल असाच पत्ता द्यावा आणि त्याचा स्पॅमही तपासत राहावा. उत्तर कधी लगेच येते, कधी काही तास, कधी काही दिवस थांबावे लागते. ही थांबवणूक खऱ्या मालकाच्या हिताची आहे. तेवढ्या काळात त्याला सूचना पोहोचते आणि चोराने केलेली विनंती अडवता येते. त्या काळात दहा फोनांवरून दहा वेळा प्रयत्न करू नका. फार प्रयत्न झाले की यंत्रणा काही काळ दारच बंद करते. नकार आला तर आधी काय चुकले ते शोधा: उपकरण दुसरे होते का, पासवर्डमधले मोठे-लहान अक्षर चुकले का, जुना टॅब्लेट कपाटात पडला आहे का ज्यावर खाते वर्षानुवर्षे चालू होते? तो टॅब्लेट चार्ज करा आणि त्यावरून पुन्हा करा.

काही आक्षेप नेहमी येतात. ‘माझ्याकडे आधार कार्ड आहे, पॅन आहे, तरी ओळख का पटत नाही?’ कारण खाते काढताना आपण ते दिलेच नव्हते. ज्या कागदाशी खात्याचा कधी संबंध नव्हता तो मालकी सिद्ध करू शकत नाही. आणि आधारची प्रत मागणारा व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘गूगल अधिकारी’ तर सरळ चोर आहे. ‘पोलिसांत गेलो की खाते मिळेल ना?’ तक्रारीने खाते उघडत नाही, तरीही तक्रार करायलाच हवी. आपल्या नावाने त्या खात्यातून कोणाची फसवणूक झाली तर आपल्या बाजूने तोच लेखी आधार असतो. cybercrime.gov.in वर नोंद करा; पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. ‘जाऊ दे, नवीन खाते काढू’ असे म्हणणाऱ्यांना तर काय सांगावे! सभासद जुन्याच पत्त्यावर लिहीत राहतात आणि ते सगळे चोर वाचत राहतो.

सगळ्यांत जड आक्षेप मात्र खरा आहे: ‘रिकव्हरीला दिलेला नंबरच आता माझा नाही.’ आपल्याकडे हे सर्रास घडते. रिचार्ज न केलेला नंबर बंद होतो आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग आपल्या खात्याचा कोड एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. नंबर नुकताच बंद झाला असेल तर आज, आत्ता, मोबाइल कंपनीच्या अधिकृत दालनात जाऊन तो परत चालू होतो का पाहा. दुसऱ्याला गेला असेल तर त्या माणसाच्या मागे लागू नका. जुने उपकरण, जुना पासवर्ड आणि घर या तीनच गोष्टींवर विसंबावे लागेल. प्रत्येक खाते परत मिळतेच असे खोटे आश्वासन आपल्या सोसायट्यांचा हा संघ देणार नाही.

खाते उघडले की लोक पेढे वाटतात आणि पासवर्ड बदलून मोकळे होतात. इथेच दुसरा घात होतो. चोर आत असताना मागचे दार उघडे ठेवून जातो. म्हणून पासवर्ड बदलल्यावर लगेच myaccount.google.com वर जाऊन Your devices मधली अनोळखी उपकरणे बाहेर काढा, रिकव्हरीचा फोन व ई-मेल आपला करा, आणि दुहेरी पडताळणीत चोराने स्वतःचे ऑथेंटिकेटर किंवा पासकी जोडली आहे का ते बघा. त्यानंतर संगणकावर जीमेलची सेटिंग्ज उघडा. Forwarding and POP/IMAP मध्ये अनोळखी पत्ता असेल तर प्रत्येक मेलची प्रत अजूनही त्याच्याकडे जात आहे. Filters and Blocked Addresses नीट वाचा: बँकेचे किंवा गूगलचे मेल थेट कचऱ्यात टाकणारा नियम तिथे बसवलेला असू शकतो, आणि मेल का येत नाहीत हे मग महिनोन्‌महिने कळत नाही. Accounts and Import मध्ये दुसऱ्या कोणाला खाते वाचायची मुभा दिली आहे का, हेही तपासा.

मग फायली. जीमेलच्या कचऱ्यातले मेल आणि ड्राइव्हच्या कचऱ्यातल्या फायली ३० दिवसच राहतात, म्हणून आत गेल्याच दिवशी तिथे बघा आणि सापडेल ते परत आणा. कचराही रिकामा केलेला असेल तर घुसखोराने पुसलेल्या मेलसाठी गूगलच्या मदत विभागात Gmail Message Recovery Tool आहे. यश हमखास नाही, पण अर्ज उशीर न करता टाका. हाती जे आले ते takeout.google.com वरून उतरवून सोसायटीच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

आता पदाधिकाऱ्यांना थोडे कडू बोलतो. सोसायटीचे दप्तर सचिवाच्या खासगी खात्यात ठेवणे आणि त्याचा पासवर्ड पाच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे, हा सभासदांचा विश्वासघात आहे. सोसायटीचे वेगळे खाते काढा. रिकव्हरीला नेहमी चालू असलेला नंबर द्या. दुहेरी पडताळणी सुरू करून मिळणारे १० बॅकअप कोड कागदावर छापा, पाकीट बंद करून सोसायटीच्या कपाटात ठेवा, आणि नवी समिती आली की दप्तराबरोबर तेही सोपवा. दोन वर्षे कोणी उघडलेच नाही तर गूगल असे खाते काढून टाकू शकते, हेही नव्या समितीच्या कानावर घाला.

पाण्याच्या बिलांपासून कन्व्हेयन्सपर्यंत प्रत्येक प्रश्नावर हा संघ सभासदांच्या पाठीशी उभा राहिला आहे; याही वेळी आमचे कार्यकर्ते तुमच्या घरी येऊन शेजारी बसतील. तुम्ही कार्यालयात येऊ नका, कारण जागा बदलली की पुरावा कमी होतो. आमचा कोणताही कार्यकर्ता पासवर्ड, ओटीपी किंवा एक रुपयाही मागणार नाही. मागितला तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि संघाच्या अध्यक्षांना कळवा. खाते गेल्याचे लक्षात येताच बोलवा, आणि आम्ही पोहोचेपर्यंत फोन फॉरमॅट करू नका.