राजपत्र नव्हे, गॅझेट! : मथळ्याचे भाषांतर आणि मराठीची घडण

हैदराबाद हे मराठी बातमीचे जुने ठाणे आहे. २००० साली ई टीव्ही मराठी वाहिनी रामोजी फिल्म सिटीतून सुरू झाली आणि आजही तेथून अनेक भारतीय भाषांत बातम्या निघतात. अनेक भाषा एका छताखाली नांदतात तेथे मूळ बातमी बहुधा इंग्रजीत येते व मराठी मथळा तिच्यावरून बेतावा लागतो. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतही हल्ली निराळे घडत नाही. म्हणून एका संस्थेला बोल न लावता आम्ही त्या पद्धतीविषयीच बोलणार आहोत. हैदराबादचेच नाव असलेली एक बातमी त्यासाठी पुरेशी आहे.

२ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींच्या आधारे मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरवणारा निर्णय काढला आणि मनोज जरांगे पाटील यांनी आझाद मैदानावरील उपोषण संपवले. या बातमीचा इंग्रजी मथळा शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला, तर तो असा होतो : ‘सरकारने हैदराबाद राजपत्रावर शासकीय ठराव जारी केल्यानंतर जरांगे यांनी त्यांचा अनिश्चितकालीन उपवास तोडला’.

या एका ओळीत किती ठेचा आहेत ते पाहा. मराठीत उपवास एकादशीचा असतो. मागणीसाठी केले जाते ते उपोषण. ते अनिश्चितकालीन नसते, बेमुदत असते. ते कोणी तोडत नाही, सोडतो. ‘त्यांचा’ या शब्दाने तर उपवास दुसऱ्याच कोणाचा असावा असा भास होतो. मराठी येथे ‘आपले’ म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. ठराव ग्रामसभेत होतो. शासन काढते तो शासन निर्णय, आणि लोकांच्या तोंडी तो जीआर.

सर्वांत घातक चूक मात्र ‘राजपत्र’ ही आहे. राजपत्र म्हणजे शासनाच्या अधिसूचना प्रसिद्ध करणारे अधिकृत पत्र. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाची भूमी, लोक, जाती, पिके यांचे वर्णन करणारा ग्रंथ. महाराष्ट्र शासनाच्या ज्या विभागाकडे हे ग्रंथ आहेत, त्याचे नाव दर्शनिका विभाग. म्हणजे शुद्ध दिसणारा शब्द येथे अर्थानेच चुकीचा आहे.

मग मथळ्यात ‘हैदराबाद दर्शनिका’ लिहावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. प्रमाणपत्रासाठी कोणते कागद लागतील हे शोधणारा परभणीचा शेतकरी मोबाइलवर ‘हैदराबाद गॅझेट जीआर’ असेच लिहितो किंवा बोलून विचारतो. आंदोलनाच्या व्यासपीठावरून त्याने तोच शब्द ऐकला आहे. तो शब्द मथळ्यात नसेल, तर बातमी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अवघड होते आणि अफवांची वाट सोपी होते.

म्हणून आम्ही मथळा असा करू : ‘हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला, जरांगे यांनी उपोषण सोडले’. शोधले जाणारे शब्द आरंभी आहेत, क्रियापदे मराठी आहेत आणि इंग्रजी वाक्यातील ‘नंतर’ची साखळी स्वल्पविरामाने सुटली आहे. बातमीच्या पहिल्या वाक्यात ‘हैदराबाद गॅझेटियर’ व ‘शासन निर्णय’ हे नेमके शब्द यावेत. गॅझेटियर म्हणजे दर्शनिका, हे पुढे एकदा सांगावे. त्यामुळे दोन्ही शब्दांनी शोधणाऱ्याला बातमी सापडते व लोकरूढ ‘गॅझेट’चा ढिलेपणाही दुरुस्त होतो. रोमन लिपीत टंकणाऱ्यांसाठी दुव्यात `hyderabad-gazette-gr` एवढे पुरे.

या सवलतीला मर्यादा आहे. ‘मराठा आरक्षण मिळाले’ हेही शब्द त्या दिवशी लोक शोधत असणार. परंतु निर्णय प्रमाणपत्राच्या कार्यपद्धतीचा होता, सरसकट आरक्षणाचा नव्हता. शोधला जाणारा शब्द घ्यावा. शोधली जाणारी आशा बातमी म्हणून विकू नये.

शुद्धतावादी म्हणतील, गॅझेट आणि जीआर स्वीकारणे ही शरणागती आहे. आम्हाला ते मान्य नाही. ‘जीआर निघाला’ या वाक्यात नाम परके आहे, पण ‘निघाला’ने त्याला मराठी लिंग, वचन आणि चाल दिली आहे. ‘उपवास तोडला’ यात एकही इंग्रजी शब्द नाही, तरी वाक्य इंग्रजीच आहे. सीमाभागात शेजारभाषांचे शेकडो शब्द पचवूनही आमची मराठी मराठीच राहिली, कारण वाक्याचा कणा आम्ही सोडला नाही. मथळा लिहिणाऱ्यांनी शब्दांची जात तपासण्याआधी हा कणा तपासावा.