विश्लेषण : ओव्हरटाइमचा तास किती रुपयांचा? २०८ की २४०?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची कमाल मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. तास वाढले, दर ‘दुप्पट’ राहिला. पण दुप्पट कशाची? मासिक पगारावर काम करणाऱ्याच्या एका तासाचा पगार किती, हा हिशेब ज्या भाजकाने होतो तो पगारपत्रकावर छापलेला नसतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या, तीन पाळ्यांत चालणाऱ्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात हा प्रश्न दर महिन्याचा आहे. तिथे रिअ‍ॅक्टर मध्येच बंद करता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर आधीचा थांबतो.

भाजक म्हणजे काय?

मासिक पगाराला ज्या तासांनी भागले की एका तासाचा पगार मिळतो, तो आकडा. तो काढण्याची सरळ रीत आठवड्याच्या ठरलेल्या तासांपासून सुरू होते. आठवडा ४८ तासांचा असेल तर वर्षाचे ५२ आठवडे गुणिले ४८ म्हणजे २,४९६ तास. त्याला १२ ने भागले की महिन्याचे २०८ तास येतात. योगायोग असा, की महिन्याचे २६ कामाचे दिवस गुणिले ८ तास केले तरी उत्तर २०८ च येते. त्यामुळे ४८ तासांच्या आठवड्यात या दोन्ही रीतींत वाद उरत नाही.

आठवडा ४५ तासांचा असेल, म्हणजे पाच दिवस नऊ तास, तर भाजक १९५ होतो. कार्यालयीन कर्मचाऱ्याचा आठवडा ४० तासांचा असेल तर तो १७३.३३ होतो. तास कमी तर भाजक लहान आणि तासाचा दर मोठा. म्हणून शेजारच्या कारखान्यातला भाजक आपल्याला लागू होईलच असे नाही. नेमणूकपत्रात आठवड्याचे तास किती लिहिले आहेत, ते आधी पाहावे.

मग २४० कुठून येतो?

३० दिवस गुणिले ८ तास. यामागचा युक्तिवाद असा, की मासिक पगारात साप्ताहिक सुट्टीचेही पैसे असतात, म्हणून सुट्टीचे दिवसही मोजायचे. ऐकायला पटते. पण सुट्टीच्या दिवशी माणूस काम करत नाही. महिन्याच्या पूर्ण पगाराच्या बदल्यात तो २०८ तासच देतो. न केलेले ३२ तास भाजकात घातले की केलेल्या तासाची किंमत सुमारे १३ टक्क्यांनी उतरते.

कायद्यात याचे थेट उत्तर नाही, हे मान्य करायला हवे. कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ५९ दुप्पट दर सांगत होते, भाजक सांगत नव्हते. वेतन संहितेचे कलम १४ ही दुपटीवरच थांबते. शेजारच्या विषयांतून मात्र दिशा मिळते. उपदानाच्या म्हणजे ग्रॅच्युइटीच्या हिशेबात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्स प्रकरणात आणि १९८४ मध्ये जीवनलाल प्रकरणात २६ दिवसांचा महिना मान्य केला. १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच आला. वेतन संहितेखालील केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात किमान वेतनासाठी दिवसाच्या दराला ८ ने भागून तासाचा आणि २६ ने गुणून महिन्याचा दर काढायचा, असे आहे. म्हणजे पुन्हा २०८. हे दोन्ही दाखले ओव्हरटाइमचे नाहीत, त्यामुळे कारखान्यातील लेखी करार किंवा स्थायी आदेश काय म्हणतात याला वजन राहते. तिथे काहीच लिहिलेले नसेल, तर २०८ ची बाजू भक्कम आहे.

रुपयांत फरक किती?

एका ऑपरेटरचे उदाहरण घेऊ. मूळ वेतन १३,००० आणि महागाई भत्ता ७,८००, मिळून २०,८०० रुपये. आठवडा ४८ तासांचा. २०८ ने भागले तर तासाचे १०० रुपये आणि ओव्हरटाइमचे २००. २४० ने भागले तर ८६.६७ आणि दुप्पट १७३.३३. तासामागे २६.६७ रुपयांचा फरक. महिन्याला ३० तास ओव्हरटाइम झाला तर ८०० रुपये, वर्षाला ९,६००.

याहून मोठी गळती पायाची आहे. काही ठिकाणी फक्त मूळ वेतन धरून २४० ने भागतात. मग तासाचे ५४.१७ आणि दुप्पट १०८.३३ होतात. कागदावर दर ‘दुप्पट’च असतो, पण खऱ्या साध्या दरापेक्षा जेमतेम आठ रुपये जास्त.

काही ठिकाणी भाजक कॅलेंडरप्रमाणे बदलतो. ३१ दिवसांच्या महिन्यात २४८, फेब्रुवारीत २२४. याच ऑपरेटरला जानेवारीत तासाचे ८३.८७ आणि फेब्रुवारीत ९२.८६ रुपये पडतील. काम तेच, यंत्र तेच.

आपला भाजक कसा ओळखायचा?

पगारपत्रकातील ओव्हरटाइमच्या रकमेला तासांनी भागा आणि निम्मे करा. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या बेरजेला या आकड्याने भागा. उत्तर २०८ च्या आसपास आले तर ४८ तासांच्या आठवड्याचा हिशेब बरोबर. २४० आले तर ३० दिवस धरले आहेत. वरच्या ऑपरेटरसारखे ३८४ आले तर महागाई भत्ता गाळलेला आहे. ४१६ आले तर दुप्पट केलेलेच नाही, साधा दर दिला आहे. बिनपगारी रजेची कपातही तपासावी. कापताना २६ ने आणि देताना ३० ने भागत असतील, तर ती विसंगती लेखी विचारण्याजोगी आहे.

तास मोजताना काय चुकते?

पहिल्या पाळीचा माणूस सकाळी ७ ते दुपारी ३ काम करून रिलिव्हर न आल्याने रात्री ११ पर्यंत थांबला, असे धरू. जुन्या कायद्यात दिवसाची कसोटी ९ तासांची होती, म्हणजे त्या दिवसाचे ७ तास दुप्पट दराचे. पण बाकीचे पाच दिवसही तो पूर्ण कामावर असेल तर आठवडा ५६ तासांचा झाला आणि ४८ च्या वरचे ८ तास ठरले. त्याच आठवड्यात त्याने एक दिवस रजा घेतली, तर एकूण ४८ च भरतात आणि ‘आठवडा तर जास्त झालाच नाही’ असे सांगून सगळाच ओव्हरटाइम उडवला जातो. ते चूक आहे. दिवसाची कसोटी वेगळी लावावी लागते. व्यावसायिक सुरक्षा संहितेने दिवस आठ तासांचा धरला आहे आणि दिवस किंवा आठवडा यांपैकी कामगाराच्या फायद्याचा हिशेब घ्यायचा, असे कलम २७ मध्ये लिहून हा वाद बराचसा मिटवला आहे.

४५ तासांच्या आठवड्यात ४५ ते ४८ मधल्या तासांना मात्र कायद्याची दुप्पट आपोआप लागत नाही. ते तास करारावर चालतात.

नव्या व्याख्येने काय बदलते?

जुन्या कलम ५९ मध्ये मूळ वेतनाबरोबर कामगाराला देय असलेले भत्ते येत, बोनस आणि ओव्हरटाइम वगळून. वेतन संहितेत घरभाडे आणि प्रवास भत्ता ‘वेतना’बाहेर आहेत. पण वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जादा भाग वेतनात मिळवायचा. समजा २०,८०० पैकी मूळ वेतन ८,००० आणि बाकी १२,८०० असे वगळलेले भत्ते आहेत. निम्मे १०,४००. म्हणून २,४०० परत येतात आणि ओव्हरटाइमचा पाया १०,४०० होतो. तासाचे ५० रुपये, दुप्पट १००. आजवर फक्त मूळ वेतनावर ओव्हरटाइम मिळत असेल त्याला हे ७७ वरून १०० म्हणजे वाढ आहे. सर्व भत्ते धरून २०० मिळत असतील त्याच्यासाठी ही घट ठरू शकते, आणि तिथे आधीच्या कराराचा कागद हाताशी असावा लागेल. कमी मिळालेल्या रकमेचा दावा संहितेच्या कलम ४५ खाली तीन वर्षांपर्यंत करता येतो. त्यासाठी पगारपत्रके आणि हजेरीच्या नोंदी त्या काळाच्या लागतात, चालू महिन्याच्या पुरत नाहीत.