‘मिली’ की ‘मायक्रो’? किरणोत्सर्गाच्या फलकावरचा हजारपटीचा फरक

गळीत हंगाम संपला, की नांदेड-लातूर पट्ट्यातील साखर कारखान्यांत दुरुस्तीची कामे निघतात. बॉयलरच्या नळीचा सांधा आतून नीट जुळला आहे का, हे गॅमा किरणांनी फिल्मवर फोटो घेऊन तपासता येते. हीच औद्योगिक रेडिओग्राफी. अशा वेळी लागणारी सुरक्षा सूचना वेल्डरला आणि हमालालाही कळायला हवी, म्हणून ती मराठीत हवी. घोळ होतो तो नेमका एककांत.

समजा, इरिडियम-१९२ चा २० क्युरीचा स्रोत आहे. आडोसा नसताना त्याच्यापासून १ मीटरवर ताशी सुमारे १०० मिलीसिव्हर्ट मात्रा मिळते. अंतर दहापट झाले की मात्रा शंभरपट घटते. म्हणजे १० मीटरवर ताशी १ मिलीसिव्हर्ट आणि १०० मीटरवर ताशी १० मायक्रोसिव्हर्ट. सामान्य माणसासाठी भारतात ठरलेली मर्यादा वर्षाला १ मिलीसिव्हर्ट आहे. १० मीटरवर तासभर उभे राहिले, तर वर्षाचा कोटा संपला!

आता हीच सूचना ‘१० मीटरवर १ मि.सि.’ अशी लिहिली तर? ‘ताशी’ गळाले. वाचणाऱ्याला वाटेल, दिवसभर थांबले तरी एवढेच. शिवाय ‘मि.’ म्हणजे मिली, मायक्रो की मिनिट? मिली आणि मायक्रो यांत हजारपटीचा फरक आहे. त्यामुळे इथे संक्षेप नकोच. ‘ताशी १ मिलीसिव्हर्ट’ असे पूर्ण लिहावे, फलक थोडा मोठा झाला तरी चालेल.

स्रोताची ताकद क्युरीत किंवा बेकरेलमध्ये सांगतात. २० क्युरी म्हणजेच ७४० गिगाबेकरेल. आकडा मोठा दिसला म्हणून धोका वाढत नाही, पण एकाच कागदावर दोन्ही एकके आली की दोन वेगळे स्रोत असल्याचा समज होतो. जवळ तारीखही हवी, कारण इरिडियम-१९२ ची ताकद सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते. जुन्या सूचनेतला आकडा नव्या, ताज्या स्रोताला लावला तर मात्रा कमी धरली जाईल.

राहिला ‘आडोसा’. शब्द सोपा, पण फसवा. गावात ताडपत्रीलाही आडोसा म्हणतात आणि पत्र्यालाही. हे किरण दोन्हींतून सहज पार होतात. म्हणून ‘शिशाचा आडोसा’ लिहून जाडीही द्यावी. इरिडियमचे किरण निम्मे करायला सुमारे ५ मिलीमीटर शिसे लागते. ‘निम्मे करणारी जाडी’ वाचून कुणी दोन थर लावले की काम फत्ते समजेल. प्रत्यक्षात १० मिलीमीटरनंतरही १०० पैकी २५ उरतात. तेव्हा त्या ओळीखालीच ‘दोन थरांनंतर पाव भाग उरतो’ असे छापावे.