14.78 टक्क्यांत कंपनीचा ताबा, मग उरलेल्या भागधारकांचं काय?

नवी मुंबईत महापेला मॅजेस्को नावाची शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती. 2020 मध्ये अमेरिकेतला मुख्य व्यवसाय विकून तिने आलेल्या पैशातून शेअरमागे तब्बल 974 रुपये लाभांश दिला. लाभांश वजा होताच शेअरचा भाव दहा-बारा रुपयांच्या घरात आला. कंपनी जवळजवळ रिकामी, पण बाजारातली नोंदणी शाबूत!

मार्च 2021 मध्ये ऑरम प्लॅट्झ आयटी या कंपनीने प्रवर्तकांकडून 14.78 टक्के शेअर 77 रुपयांनी घ्यायचा करार केला. घणसोलीचा क्यू पार्क ज्यांचा, तोच हा ऑरम समूह. करारासोबतच इतर भागधारकांसाठी आणखी 26 टक्क्यांची ओपन ऑफर आली, भाव तोच, 77 रुपये.

आता तुम्ही म्हणाल, ओपन ऑफर तर 25 टक्क्यांपासून लागते ना? 2011 च्या सेबी नियमांत ती मर्यादा आहेच. पण कंपनीचा ताबा, म्हणजे बहुसंख्य संचालक नेमण्याचा किंवा धोरण ठरवण्याचा अधिकार हाती येत असेल, तर टक्के कितीही असोत, ऑफर द्यावीच लागते. तुम्ही एका मालकावर विश्वास ठेवून पैसे गुंतवलेत आणि मालकच बदलला, तर बाहेर पडायची संधी तुम्हालाही हवी, हा त्यामागचा विचार.

भावाची पळवाटही नियमांनी बुजवली आहे. प्रवर्तकाला दिलेल्या दरापेक्षा ऑफरचा दर कमी ठेवता येत नाही. जुन्या नियमांत ‘पुन्हा याच धंद्यात उतरणार नाही’ या हमीपोटी प्रवर्तकाला वेगळी रक्कम देता यायची. आता तीही दरातच धरली जाते.

भाव समान, पण संख्या? खरी मेख इथे आहे. विकणाऱ्या प्रवर्तकाचे करारातले सगळे शेअर घेतले जातात. बाकीच्यांसाठी मात्र किमान 26 टक्क्यांचीच सक्ती. समजा, मॅजेस्कोच्या उरलेल्या 85.22 टक्के भागधारकांनी सगळे शेअर पुढे केले असते, तर 100 शेअरवाल्याचे जेमतेम 30 घेतले गेले असते. उरलेले 70 नव्या मालकाबरोबर! अच्युतन समितीने 2010 मध्ये ऑफर सर्वच शेअरसाठी असावी असं सुचवलं होतं. सेबीने ते मानलं नाही, कारण एवढा पैसा उभा करणं देशी खरेदीदारांना जड गेलं असतं. कारण समजतं, पण त्याची किंमत छोटा भागधारकच मोजतो.

मॅजेस्को आज ऑरम प्रॉपटेक या नावाने ओळखली जाते.

तुमच्याकडच्या एखाद्या कंपनीची ऑफर आली, तर आधी बाजारभाव पाहा. तो ऑफरपेक्षा वर असेल तर सरळ बाजारात विकलेलं बरं. ऑफर दहा कामकाजाचे दिवस खुली असते. ती सुरू होण्याआधी स्वतंत्र संचालकांचं मत जाहीर होतं, ते वाचा. घाई मात्र नको, कारण एकदा दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत.