खोलीचे भाडे आणि बाकीचे बिल

मैत्रिणींनो, न्हावा-शेव्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान बंदराजवळच्या कंटेनर यार्डात कामाला. पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन पनवेलला झाले, चार दिवस मुक्काम पडला. पॉलिसी तीन लाखांची. दवाखान्याचे बिल झाले १,२०,००० रुपये, कंपनीने मंजूर केले ८२,०००. उरलेल्या ३८,०००साठी पाटल्या गहाण पडल्या. त्या लिहितात, “खोली आमच्या हद्दीपेक्षा दोन हजारांनी महाग होती हे ठाऊक होते. चार दिवसांचे आठ हजार आपले, असा हिशेब धरला होता. मग बाकीचे तीस हजार कशाचे? कागद सगळे इंग्रजीत, विचारायचे कोणाला?”

ताई, बिल आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून बसू या.

तुमच्या पॉलिसीत ‘रूम रेंट: वन पर्सेंट ऑफ सम इन्शुअर्ड पर डे’ असे एक वाक्य आहे. म्हणजे विम्याच्या रकमेच्या एक टक्का, तीन लाखांवर दिवसाला ३,००० रुपये, एवढेच खोलीचे भाडे कंपनी देणार. तुम्ही घेतलेली खोली ५,०००ची. इथवर तुमचा हिशेब बरोबर आहे. पण त्याच्याच खाली ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ असे दोन शब्द आहेत, आणि सगळी मेख तिथे आहे. मराठीत सांगायचे तर प्रमाणशीर कपात. पाच हजारांतले तीन हजार म्हणजे साठ टक्के. खोली हद्दीबाहेरची घेतली, तर भाड्याबरोबर सर्जनची फी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या रोजच्या भेटी यांचेही साठच टक्के मिळतात. कारण उघड आहे. बऱ्याच दवाखान्यांत तेच डॉक्टर, तेच ऑपरेशन. पण खोली जितकी भारी तितकी या सगळ्यांची फी जास्त लावतात.

आता तुमचे बिल घेऊ. खोलीचे चार दिवसांचे २०,०००. त्यातले मिळाले १२,०००. डॉक्टर, थिएटर आणि नर्सिंग मिळून ६०,०००. त्यातले मिळाले ३६,०००. औषधे २२,००० आणि तपासण्या १२,०००, हे दोन्ही पूर्ण मिळाले. उरलेल्या ६,०००मधले काहीच मिळाले नाही. बेरीज करून पाहा, ८२,०००च येते. तुमच्या लक्षात न आलेले मोठे भगदाड म्हणजे डॉक्टर-थिएटरच्या रकमेतले २४,०००.

औषधे आणि तपासण्या मात्र पूर्ण कशा मिळाल्या, हे सगळ्याजणींनी नीट ध्यानात घ्या. विमा नियामक मंडळाने २०२० साली ठरवून दिले, की ही प्रमाणशीर कपात औषधे व वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना लावायची नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. पॉलिसीत ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ या नावाची व्याख्या असते, तिच्यात हे लिहिलेले सापडेल. या ताईंच्या औषध-तपासण्यांनाही कात्री लागली असती, तर आणखी १३,६०० रुपये गेले असते. तुमच्या हिशेबाच्या कागदावर औषधांचे पैसे खोलीच्याच प्रमाणात कापलेले दिसले, तर त्या व्याख्येकडे बोट दाखवून लेखी विचारा.

त्याच २०२०च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ताई, ती तुमच्या कामाची आहे. ज्या दवाखान्यात खोली कोणतीही घेतली तरी डॉक्टरांची आणि थिएटरची फी एकच असते, तिथे ही कपात लावायची नाही. म्हणून आधी दवाखान्याचे दरपत्रक मागा. जनरल वॉर्ड आणि स्वतंत्र खोली यांचे ऑपरेशनचे दर वेगळे असतील, तर २४,००० विसरावे लागतील. पण एकच असतील, तर तसे दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या आणि दावा पुन्हा तपासावा म्हणून कंपनीला अर्ज करा.

आता ते कोरडे राहिलेले ६,०००. त्यातले ४,२०० हातमोजे, मास्क आणि सोबत राहिलेल्या तुमच्या जेवणाचे आहेत. अशा वस्तूंची ठरलेली यादीच असते. वेगळे कलम घेतलेले नसेल तर कंपनी त्या देत नाही. राहिलेले १,८०० ‘फाइल चार्जेस’ आणि ‘हाउसकीपिंग’ या नावाने लावले आहेत. यांची गोष्ट निराळी. हे खर्च खोलीच्या भाड्यातच आले असे धरले जाते. म्हणून ते वेगळे का लावले, असे बिलाच्या खिडकीवर विचारावे आणि काढून टाका म्हणावे. अगदी मुकाट्याने भरू नये.

बऱ्याच घरांत आणखी एका कागदाने घोटाळा होतो. तो म्हणजे प्री-ऑथरायझेशन, कॅशलेससाठीची पूर्वमंजुरी. दवाखाना अंदाजे खर्च कळवतो आणि कंपनी सुरुवातीची एक रक्कम मंजूर करते. ‘अप्रूव्ड’ हा शब्द वाचून आपण निर्धास्त होतो. पण ती पहिली मंजुरी असते. खरा हिशेब डिस्चार्जच्या वेळी, पूर्ण बिल गेल्यावर होतो आणि कपात तेव्हा कळते. २०२४च्या नियमाप्रमाणे पूर्वमंजुरीचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. म्हणून दवाखान्याने कागद किती वाजता पाठवले, ते विम्याच्या टेबलावर विचारून टिपून ठेवा.

पूर्वमंजुरी मागतानाच आजाराचा प्रश्नही निघतो. पित्ताशयाचे खडे, हर्निया, मोतीबिंदू अशा दुखण्यांना पुष्कळ पॉलिसींत पहिली दोन वर्षे पैसे मिळत नाहीत. ताईंच्या पॉलिसीला चार वर्षे झाली होती, म्हणून ती अडचण आली नाही.

न्हावा-शेवा, जासई, उरण या बाजूची माणसे मोठ्या दुखण्याला पनवेल-नवी मुंबई गाठतात. २०२४ साली अटल सेतू झाल्यापासून मुंबईही जवळ आली. रात्री-बेरात्री पोहोचल्यावर “जनरल वॉर्ड भरला आहे, ही खोली घ्या” असे सांगतात आणि घाबरलेले माणूस हो म्हणते. तेव्हा एकच वाक्य बोलायचे: “आमची हद्द दिवसाला इतकी आहे, त्यात बसणारी खोली द्या.” नसेलच, तर तसे केसपेपरवर लिहून घ्या. त्याने कपात टळेलच असे नाही, पण पुढे तक्रार करायला पुरावा राहतो. आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी असेल, तर त्याच्या आधी खोली बदलून मागा. कारण ऑपरेशनची फी बहुधा त्या वेळच्या खोलीवर ठरते.

हे वाक्य बोलायला हद्दीचा आकडा आधी माहीत हवा. पॉलिसीबरोबर ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’ नावाचा थोडक्यात माहितीचा कागद मिळतो. तो मागितल्यास आपल्या भाषेत द्यावा असा नियम आहे. कंपनीकडे मराठी प्रत मागा, त्यातल्या खोलीच्या हद्दीखाली लाल रेघ मारा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून द्या.

कंपनीने अर्ज फेटाळला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत मात्र जावे लागते. ताई, दरपत्रक हाती आले की काय निघाले ते जरूर कळवा.