फ्रँचायझीचा करार शेवटून वाचा

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीला सही किंवा पैसे घेण्याआधी किमान चौदा दिवस आपली सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. त्यामुळे गावातल्या तरुणाच्या हातात उरतो तो कंपनीच्या वकिलाने लिहिलेला करार. तो नीट वाचायचा तर करार संपवण्याच्या कलमापासून सुरुवात करावी.

त्या कलमात बहुधा लिहिलेले असते, ‘मॅन्युअलचे उल्लंघन झाल्यास करार रद्द.’ आता दर्जाचे कलम उघडा. मॅन्युअल कंपनी केव्हाही बदलू शकते आणि कच्चा माल तिने ठरवलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा, असे तिथे सापडते. दोन्ही कलमे एकत्र वाचली की कळते, महाग माल नाकारला तर दुकान जाऊ शकते. म्हणून चूक सुधारायला निदान तीस दिवसांची लेखी मुदत मागून घ्यावी.

मग पैसे. रॉयल्टी सहसा नफ्यावर नव्हे, विक्रीवर असते. समजा, एका उपाहारगृहाची महिन्याची विक्री चार लाख आहे आणि भाडे, पगार, माल वजा जाता साठ हजार उरतात. सहा टक्के रॉयल्टी आणि दोन टक्के जाहिरात निधी मिळून बत्तीस हजार झाले. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला की ३७,७६० रुपये. पाच टक्के जीएसटी आकारणाऱ्या उपाहारगृहाला या कराची वजावट मिळत नाही. हातात राहतात २२,२४०, आणि कर्जाचा हप्ता अजून जायचाच आहे.

क्षेत्राच्या कलमात ‘तीन किलोमीटरमध्ये दुसरे दुकान नाही’ एवढेच असेल तर ते अपुरे आहे. अ‍ॅपवरून येणाऱ्या ऑर्डरी आणि कंपनीचे स्वतःचे क्लाउड किचन यांचाही उल्लेख हवा.

नूतनीकरणाचे कलम भाडेकरारासोबत वाचावे. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि जागा नऊ वर्षांची असेल, तर उरलेल्या चार वर्षांचे भाडे कुणाच्या अंगावर? शिवाय नूतनीकरण ‘त्या वेळच्या करारानुसार’ असेल, तर रॉयल्टी वाढू शकते आणि सजावटही पुन्हा करावी लागू शकते.

करार संपल्यावर दोन वर्षे तोच धंदा करायचा नाही, अशी अटही दिसते. करार चालू असतानाचे असे बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग खटल्यात मान्य केले होते. संपल्यानंतरचे बंधन मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण त्यासाठी भांडावे लागते, आणि लवाद दूरच्या शहरात ठेवला असेल तर ते भांडण छोट्या दुकानदाराला परवडत नाही.

सरकारने अमेरिकेप्रमाणे सगळी माहिती सहीआधी लेखी देणे कंपन्यांना बंधनकारक करावे. तोवर डिपॉझिट भरण्यापूर्वी या कलमांचा गोषवारा एका कागदावर उतरवावा आणि कंपनीकडून तो लेखी मान्य करून घ्यावा. जी कंपनी त्याला नकार देईल, तिला चेक देऊ नये.